दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान

मासिकाच्या कचेरीत फौजदारबाईंचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बाकी संपादकांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना फौजदारबाईच म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. न आवडायला काय झालं? मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला जगात कोण विचारतो? लेख चांगला झाला तर लेखकाची वाहवा, अंक देखणा निघाला तर मांडणीवाल्याची, आणि चूक राहिली की मात्र सगळ्यांची बोटं एकाच टेबलाकडे. अशा धंद्यात कुणी वचकून नाव ठेवत असेल, तर ते मानाचंच समजायचं.

त्यांचं टेबल खिडकीशी. टेबलावर लाल पेन, पट्टी, मुठीएवढं भिंग आणि पाण्याचा तांब्या. तांब्या मुद्दाम टेबलाच्या लांबच्या टोकाला, कारण एकदा तो एका पुरवणीवर सांडला होता. वय अठ्ठावन्न, बांधा किरकोळ, आवाज मात्र असा की शेजारच्या खोलीतला मांडणीवाला कानांत गाणी लावून बसलेला असला तरी दचकायचा. या मांडणीवाल्याला त्यांनी माउसराव असं नाव ठेवलं होतं. फिट्टंफाट.

बाईंचं शिक्षण नववी. वडील गेले, घरात धाकटी दोन भावंडं, म्हणून सोळाव्या वर्षी त्या छापखान्यात लागल्या. तेव्हा शिशाच्या खिळ्यांचा जमाना होता. खिळे जुळवून पान करायचं काम पुरुषांचं. छापून झाल्यावर तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचं काम बाईंचं. दिवसभर उलटी अक्षरं चिमटीत धरायची, ओळखायची, खणात टाकायची. एक जरी खिळा चुकीच्या खणात पडला, तर उद्या जुळारी न बघता उचलणार आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत नको ते छापून येणार. फोरमन म्हणायचे, "पोरी, छापखान्यातली निम्मी पापं जुळवताना होत नाहीत, परत टाकताना होतात." तिथेच त्या शिकल्या. जोडाक्षरं शिकल्या, पाय मोडलेली अक्षरं शिकल्या, आणि स्तोत्रांची पुस्तकं छापायला येत तेव्हा फोरमनच्या मागे लागून लागून बोटांच्या पेरांवर वृत्तं मोजायला शिकल्या. संस्कृतचा एक तास कधी वर्गात बसून ऐकला नाही. पण दोन शब्द एकमेकांना भेटले की कुठलं अक्षर कुठे विरतं, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. पुढे खिळे भंगारात गेले, छापखाना बंद पडला, आणि तिथेच छापल्या जाणाऱ्या या मासिकाने बाईंना मुद्रितं तपासायला बोलावून घेतलं.

बाईंचे नियम दोन. पहिला नियम त्यांनी ठेच लागून केला होता. बारा वर्षांपूर्वी एका कवीच्या ओळीतला एक विचित्र शब्द त्यांनी आपल्या अकलेने नीटनेटका केला. तो शब्द त्या कवीने म्हणे आठ महिने विचार करून घडवला होता. कवी कचेरीत येऊन जे बोलला ते बोलला. पुढच्या अंकात दिलगिरी छापावी लागली, आणि बाईंनी कानाला खडा लावला. लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं आणि विचारायचं. दुसरा नियम त्याच्याही आधीचा: शंका फिटेपर्यंत पानाखाली 'छापण्यास योग्य' लिहून सही करायची नाही. मग आकाश कोसळो.

आणि ते कोसळायची वेळ आली पन्नासाव्या वर्षाच्या विशेषांकाच्या दिवशी.

अंकाचा पहिला लेख होता सरांचा. सर म्हणजे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, वय बहात्तर, नाकावर राग. मासिक काढणाऱ्या थोरल्या संपादकांचे ते लाडके विद्यार्थी. थोरले संपादक जाऊन वीस वर्षं झाली होती, पण पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतः रचून छापलेला श्लोक अजूनही दर वर्षी कुणी ना कुणी आठवायचं. सरांचा सगळा लेख त्या श्लोकावरच होता, आणि लेखाच्या डोक्यावर सरांनी स्वहस्ते लिहून ठेवलं होतं: 'माझ्या लेखातला अनुस्वारही हलवू नये.'

माउसरावांनी तो लेख टंकून सकाळी दहाला पान टेबलावर आणून ठेवलं. चारला पान छपाईला जायचं होतं. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला आणि श्लोक वाचला:

अक्षरे निहीतो दिपो न निर्याति कदाचन |
वाचकोSपि वहत्येनम गृहात गृहमतन्द्रितः II

"माउसराव!"

"आलो, आलो," पलीकडून आवाज आला. "आता काय केलं मी?"

"काय केलं नाही ते विचारा. बसा इथे." बाईंनी सरांचा हस्तलिखित कागद शेजारी मांडला. "सरांनी निहितो लिहिलंय, हि पहिली. दीपो, दी दुसरी. तुम्ही दोन्हीकडे उलट केलंत. योगायोगाने तरी एक बरोबर यायला हवं होतं."

"घाईत होतो हो."

"वाचकोऽपि. वाचकः आणि अपि मिळून. अपिचा अ विरला, त्याची खूण म्हणून हा अवग्रह. तुम्ही इंग्रजी एस घातलाय."

"दिसतो तसाच की!"

"गाढवही लांबून घोड्यासारखं दिसतं. आता मोजा." बाईंनी माउसरावांचं बोट धरून पेरांवर ठेवलं. "एका चरणात अक्षरं आठ. वा, च, को, पि, व, ह, त्ये, न, म. किती झाली?"

"नऊ."

"कारण तुम्ही म मोकळा सोडलात. सरांनी अनुस्वार दिलाय, एनं. आता आठ. पुढचा चरण बघा. गृ, हा, त, गृ, ह, म, तन्, द्रि, तः. परत नऊ. सरांनी गृहाद् लिहिलंय, द पाय मोडलेला. घरापासून घरापर्यंत. तुम्ही मराठीतलं 'गृहात' करून माणसाला घरातच बसवलंत."

माउसरावांनी मान खाली घातली, पण हसत होते. अशी बोलणी खायची त्यांना सवय होती.

"आणि या रेघा. पहिल्या ओळीशेवटी एक दंड, श्लोक संपला की दोन. दंड म्हणजे कळफलकावरची कुठलीही उभी काठी नव्हे, आणि इंग्रजी आय तर नव्हेच नव्हे. दंडाचं स्वतंत्र चिन्ह आहे, शिरोरेघेला टेकतं ते. आणि चौकट जरा रुंद करा, ओळ मध्येच तुटता कामा नये."

अर्ध्या तासात पान दुरुस्त होऊन परत आलं. बाईंनी पुन्हा मोजलं. प्रत्येक चरणात आठ. पाचवं अक्षर सगळीकडे लघू, सहावं गुरू. सातवं पहिल्या-तिसऱ्यात गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघू. सगळं चोख. सरांच्या कागदाशी अक्षरन् अक्षर जुळलं. पेन सहीसाठी खाली टेकलं आणि तिथेच अडलं.

न निर्याति. बाहेर जात नाही. अक्षरात ठेवलेला दिवा कधी बाहेर जात नाही. मग खालच्या ओळीत वाचक तो घरोघर न थकता कसा नेतो? बाईंनी पुन्हा वाचलं. दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. सरांनी त्यावर दोन परिच्छेद लिहिले होते, की थोरल्या संपादकांच्या मते अर्थ अक्षराबाहेर पडतच नाही, बाहेर जातो तो केवळ कागद, आणि वाचकाच्या हाती शेवटी अंधारच लागतो. थोरले संपादक असं म्हणतील? ज्यांनी उभी हयात वर्गणीदारांच्या दारात अंक नेऊन टाकण्यात घालवली, ते? बाईंनी त्यांना पाहिलं होतं. छापखान्यातल्या पोरीलाही ते अंकाची प्रत द्यायचे आणि पुढच्या महिन्यात विचारायचे, वाचलास का.

आणि त्यांच्या मनात य ऐवजी व आला. निर्वाति. विझणे. निर्वाण हा शब्द त्यातलाच. अक्षरात ठेवलेला दिवा कधी विझत नाही, आणि वाचकही तो न थकता घरोघर नेतो. बोटांवर मोजलं तर दोन्ही आठ, दोन्हींत लघू-गुरू तेच. वृत्त इथे साक्षीला येणार नव्हतं.

त्यांनी कपाटातून पहिल्या वर्षाच्या अंकांचं बांधलेलं पुस्तक काढलं. पहिलं पान. भिंग लावलं. स्वच्छ, ठळक य. निर्याति.

झालं. लेख मुळाशी जुळला. दुसरं कुणी असतं तर सही करून डबा उघडला असता. पण बाईंच्या डोळ्यांसमोर खण उभे राहिले. य आणि व जवळजवळ. कुणाचा तरी हात चुकला असेल, व च्या खणात एक य पडला असेल, आणि जुळाऱ्याने न बघता उचलला असेल. हे विद्वानांना सुचणार नाही. हे सुचायला खिळे परत टाकलेले असावे लागतात.

त्या संपादकांच्या खोलीत गेल्या. संपादक चाळिशीचे, स्वभावाने बरे, पण त्या दिवशी पाचावर धारण बसलेले.

"बाई, मुळात य आहे?"

"आहे."

"सरांच्या कागदात य आहे?"

"आहे."

"मग तुम्हाला व कुठे दिसला?"

"दिसला नाही. असावा असं वाटतं."

संपादकांनी कपाळावर हात मारला. "बाई, मागे त्या कवीच्या वेळी पण तुम्हाला असंच वाटलं होतं. मी तेव्हा इथे नव्हतो, पण दिलगिरी वाचलीये. परत तसं झालं, आणि तेही सरांच्या बाबतीत, तर विश्वस्त मला विचारणार नाहीत, तुम्हाला घरी बसवतील. तुमची नेमणूक वर्षावर्षाची आहे. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"म्हणूनच बदललेलं नाही काही," बाई म्हणाल्या. "सरांना विचारते. पण शंका फिटेपर्यंत सही करणार नाही."

"आणि चारपर्यंत नाही फिटली तर?"

"तर सही तुम्ही करा. खाली लिहा, फौजदारबाईंनी केली नाही."

बोलून गेल्या खऱ्या, पण टेबलाशी येईपर्यंत मनात हिशेब सुरू झाला. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण नवं काम देणार? आणि घरी बसण्यापेक्षाही वाईट म्हणजे चुकीचं ठरून घरी बसणं. बाईंना भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. त्यांनी फोन उचलला.

सरांनी शंका ऐकून घेतली. मग विचारलं, "बाई, आपण संस्कृत कुठवर शिकलात?"

"शाळाच नववीपर्यंत, सर. त्यात संस्कृत नव्हतं."

"असं," सर म्हणाले. "त्या पहिल्या अंकाचं पहिलं पान माझ्या भिंतीवर चौकटीत आहे. पन्नास वर्षं रोज बघतोय. निर्याति आहे. आणि गुरूंना काय म्हणायचं होतं हे मला कुणी छापखान्यातून सांगायला नको." फोन बंद.

बाईंचे कान तापले. राग आला की त्यांना जास्त स्वच्छ दिसायचं, हा एक त्यांचा गुणच होता. पहिला अंक. सगळे पहिल्या अंकाकडेच बोट दाखवतायत. पण ज्या घरात चूक झाली त्या घराला विचारून काय उपयोग? फोरमनची शिकवण अशी होती की छापलेल्या पानावर विश्वास ठेवायच्या आधी त्याच्या पुढच्या अंकाचं शेवटचं पान बघायचं. शुद्धिपत्र तिथे असतं. बारीक टायपात, वर्गणीच्या दरांखाली, कुणी वाचू नये अशाच जागी.

त्यांनी बांधलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान नव्हतं. पानं चाळली. एकाही अंकाचं शेवटचं पान नव्हतं. बांधणाऱ्या शहाण्याने जाहिरातींची पानं नि कव्हरं कापून टाकून पुस्तक सुबक केलं होतं! कपाटाच्या काचेमागे पन्नास वर्षं ऐटीत उभं असलेलं ते पुस्तक, आणि त्यातल्या सगळ्या कबुल्या कात्रीखाली गेलेल्या.

साडेबारा वाजले होते. बाईंनी घरी फोन लावला. यजमान बसच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपायचे.

"अहो, स्कूटर काढा. वाचनालयात जायचंय."

"आत्ता? काय पेटलंय काय?"

"एक दिवा आहे. विझतो की बाहेर जातो ते बघायचंय."

"फौजदारांचा हुकूम," यजमान म्हणाले, आणि दहा मिनिटांत खाली हजर झाले. त्यांना संस्कृतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बत्तीस वर्षं संसार केल्यावर बायको कुठल्या आवाजात बोलली की वाद घालायचा नसतो, एवढं कळत होतं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई जेवायला निघाल्या होत्या. "जुनी मासिकं माळ्यावर आहेत," त्या म्हणाल्या. "बांधलेली नाहीत हं. सुतळीत बांधून ठेवलीत नुसती."

"देव तुमचं भलं करो," फौजदारबाई म्हणाल्या. "न बांधलेलीच हवीत."

यजमान शिडी चढले. धूळ खाली आली, मग एक गठ्ठा आला, मग शिंका आल्या, मग दुसरा गठ्ठा. तिसऱ्यात पहिल्या वर्षाचे अंक निघाले. दुसऱ्या अंकाचं कव्हर कोपऱ्याला कुरतडलेलं होतं. बाईंनी तो पालथा केला. तेलाची जाहिरात, वर्गणीचे दर, आणि त्याखाली भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा चार ओळी:

'गेल्या अंकाच्या पहिल्या पानावरील श्लोकात न निर्याति असे छापले गेले आहे. ते न निर्वाति असे वाचावे. मुद्रिते तपासणारा आमचा विद्यार्थी परीक्षेच्या गडबडीत होता. दोष त्याचा नाही, अशा वेळी त्याच्यावर हे काम टाकणाऱ्या आमचा आहे. संपादक.'

बाई खाली फरशीवरच बसल्या.

"काय झालं?" यजमानांनी शिडीवरून विचारलं.

"विझत नाही," बाई म्हणाल्या. "मी बरोबर होते हो. नववी पास बाई बरोबर होती."

"ते मला बत्तीस वर्षं माहितीये," यजमान म्हणाले. "घरात दुसरं कोण बरोबर असतं?" पण खाली उतरून त्यांनी बाईंच्या केसांवरची धूळ झटकली, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा असा काही फुलला होता की जणू त्या चार ओळी त्यांनीच लिहिल्या होत्या.

आता गंमत अशी की त्या पानाचा फोटो काढून कचेरीच्या गटावर टाकला असता तर एका मिनिटात प्रश्न मिटला असता. संपादक गप्प, सर गप्प, फौजदारबाईंचा जयजयकार. बाईंनी फोन हातात घेतलाही होता. पण त्या चार ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. पन्नास वर्षांपूर्वी एका माणसाने आपल्या पोराची चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. ती चूक आज चव्हाट्यावर मांडून मिरवायला बाई काही तेवढ्या लहान मनाच्या नव्हत्या. त्यांनी ग्रंथपाल बाईंकडे सही करून अंक नेण्याची परवानगी घेतली आणि बाहेर येऊन सरांना फोन लावला.

"सर, मी मघाचीच. एकदा कचेरीत येऊन जाता का? एक पान दाखवायचंय. फक्त तुम्हालाच."

"पुन्हा तेच?"

"तेच. आल्यावर वाटल्यास रागवा. तोवर पान अडलेलं आहे."

सर आले ते पावणेतीनला, काठी जिन्यावर आपटत. बाईंनी टेबलासमोरची खुर्ची पुढे केली, अंक पालथा करून समोर ठेवला, भिंग शेजारी ठेवलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हा त्यांचा तिसरा, न सांगितलेला नियम.

मागे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग सर म्हणाले, "तो विद्यार्थी मी होतो."

बाईंनी वळून पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पहिल्या अंकाची मुद्रितं मीच वाचली. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. ती झाली, शिष्यवृत्ती मिळाली, मी दुसऱ्या गावी शिकायला गेलो. जाताना पहिला अंक बरोबर घेतला. दुसरा कधी बघितलाच नाही." सरांनी चष्मा काढला. "गुरूंची शेवटपर्यंत पत्रं यायची. एका अक्षराने कधी बोलले नाहीत. आणि मी माझीच चूक चौकटीत घालून भिंतीवर लावली, आणि आता तिच्यावर दोन परिच्छेद विद्वत्ता केली."

"चूक खिळ्याची होती, सर," बाई म्हणाल्या. "व च्या खणात य पडला असणार. परत टाकणाऱ्याची चूक. मी ते काम केलंय, मला माहितीये."

"आणि तपासणाऱ्याची," सर म्हणाले. "बाई, मी आयुष्यभर शेकडो मुलांना संस्कृत शिकवलं. त्यातल्या कितीतरी जणांनी हा श्लोक माझ्याकडून पाठ केला. एकाही पदवीधराने विचारलं नाही की सर, दिवा बाहेर जात नाही तर वाचक तो नेतो कसा. तुम्ही विचारलंत. आणि मी तुम्हाला विचारलं, कुठवर शिकलात." ते थांबले. "चुकलो मी. तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं वाचलंत."

फौजदारबाईंनी आयुष्यात बक्षीस म्हणून कधी काही मिळवलं नव्हतं. शाळेतही नाही. त्या क्षणी त्यांना आपला अभिमान वाटला, सरळसरळ, न लाजता वाटला. सोळाव्या वर्षीच्या त्या पोरीचा वाटला, जिची बोटं शिशाने काळी व्हायची आणि जिला वाटायचं की आपण नुसते खिळे टाकतोय.

"पान चारला जायचंय, सर," त्या एवढंच म्हणाल्या, कारण आणखी काही बोलल्या असत्या तर रडल्या असत्या.

सरांनी बाईंचंच लाल पेन मागून घेतलं, आपल्या कागदावरच्या श्लोकात य चा व केला, ते दोन परिच्छेद एका रेघेने काढून टाकले, आणि तिथेच बसून नवीन लिहिले. त्यात पहिल्या अंकातली चूकही आली, ती कुणाच्या नजरेतून सुटली तेही नाव-गावासकट आलं, आणि ती पन्नास वर्षांनी कुणी पकडली तेही. बाई त्या शेवटच्या वाक्यावर प्रश्नचिन्ह घालायला लागल्या, तेव्हा सर म्हणाले, "माझ्या लेखातला अनुस्वारही हलवायचा नाही." संपादक दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते शहाण्या माणसासारखे आपल्या खोलीत परतले. माउसरावांनी नवा मजकूर टंकून पान आणलं.

आता शेवटची वाचणी. महत्त्वाचं पान असलं की ती दोघांनी करायची: एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दंडापासून अवग्रहापर्यंत सगळं तोंडाने म्हणत, आणि दुसऱ्याने हातात मुद्रित घेऊन नजर ठेवायची. वाचतो तो हाताखालचा. मुद्रित धरतो तो वरचा. चूक काढायचा आणि थांबवायचा अधिकार त्याचाच.

बाई सवयीने मूळ कागद उचलायला गेल्या. समोर सर होते. मुद्रित त्यांच्या हातात जायला हवं होतं. पण सरांनी कागद आधीच आपल्याकडे ओढला होता. "धरा ते," ते मुद्रिताकडे बोट करून म्हणाले. "वाचतो मी."

सरांनी घसा साफ केला.

"अक्षरे निहितो दीपो न निर्याति कदा..."

"थांबा, सर," फौजदारबाई म्हणाल्या. बोट मुद्रितावर, डोळे मुद्रितावर, आवाज नेहमीचा. "निर्वाति."

ज्यांच्या वर्गात खोकायचीही कुणाची छाती होत नसे, ते सर एका नववी पास बाईकडे बघत होते. पन्नास वर्षांची जिभेची सवय. कागदावर स्वतःच्या हाताने व लिहून झाला तरी जीभ य वरच गेली होती.

"निर्वाति," सर म्हणाले. "पुढे जाऊ?"

"नाही. चूक झाली की श्लोक पहिल्यापासून."

"बरं," सर म्हणाले, खुर्चीत सरळ बसले, आणि त्यांनी पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.